हेल्पलाइनवर फोन उचलल्यावर पहिलं काय बोलावं

आपल्याला फोन उचलला की ‘हॅलो, बोला’ म्हणायची सवय असते. मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते म्हणून बसले. पलीकडून एक श्वास ऐकू आला आणि फोन ठेवला गेला. ‘बोला’ हा शब्द वाईट नाही, पण खिडकीमागचा माणूस रांगेतल्या पुढच्याला म्हणतो तसा तो माझ्या तोंडून निघाला होता. फोन करणाऱ्याने नंबर लावायला कदाचित तासभर धीर गोळा केलेला असतो. फोन ठेवायचा की नाही हे तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ठरवतो. म्हणून ही वाक्यं आधी तोंडात बसवून ठेवावी लागतात.

उचलण्याआधी

पहिल्या रिंगला झडप घालू नका. एक रिंग जाऊ द्या, पाय जमिनीला टेकवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा आणि मग उचला. छातीत हवा कोंडलेली असली की आवाज चढतो, आणि घाबरलेल्या माणसाला तो लगेच कळतो. आधीचा फोन अजून डोक्यात घोळत असेल तर पाळीप्रमुखाला सांगून पाच मिनिटं लाइनवरून उतरा. कीबोर्डवरून हात काढा. रडत असताना पलीकडे टकटक ऐकू आली, की आपली नोंद चालली आहे असं माणसाला वाटतं.

पहिलं वाक्य

मी आता एवढंच म्हणते: ‘नमस्कार, हेल्पलाइन. मी ऐकतेय. सावकाश बोललात तरी चालेल.’ तुमच्या लाइनचा नियम असेल तर सुरुवातीला पहिलं नाव, किंवा लाइनसाठी घेतलेलं नाव सांगा. यातून तीन गोष्टी पोचतात: नंबर बरोबर लागलाय, पलीकडे माणूस आहे, आणि घाई नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरू द्या. वर गेला तर विधानाचा प्रश्न होतो, आणि उत्तर द्यायचा भार समोरच्यावर पडतो.

‘काय मदत करू?’ टाळा. कसली मदत हवी हे कळत असतं तर त्याने बहुधा हा फोन केला नसता. मग ‘काही नाही, असंच केला’ म्हणून तो सुटका करून घेतो.

आपल्या भाषेतल्या दोन अडचणी इथेच येतात. एक म्हणजे शब्दाच्या रूपातलं लिंग. आवाजावरून ‘घाबरलेल्या दिसताय’ म्हणालात आणि अंदाज चुकला, तर पहिल्याच मिनिटाला तुम्ही दुसऱ्याच कुणाशी बोलत असता. ‘तुम्हाला भीती वाटतेय का?’ अशी रचना केली की ते टळतं. दुसरी अडचण नात्यांची. आपण ज्याला त्याला ताई, दादा म्हणतो, पण ज्याचं दुखणं घरातल्याच माणसाकडून आलं असेल त्याला ती हाक नकोशी होऊ शकते. तो तुम्हाला ताई म्हणाला तर म्हणू द्या, तुम्ही मात्र ‘तुम्ही’वरच राहा. अगदी लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी.

शांतता आली तर

पलीकडून काहीच येत नाही, तेव्हा दहा सेकंद एका मिनिटाएवढे वाटतात आणि आपण बडबडायला लागतो. त्याऐवजी एकदा म्हणा, ‘मी इथेच आहे,’ आणि थांबा. वीसेक सेकंदांनी फक्त हुंकाराने उत्तर देता येईल असं काही विचारा: ‘बोलणं अवघड जातंय का? नुसतं हं म्हणालात तरी पुरे.’ उत्तरं फार सपाट येत असतील, ‘हो, हो, ठीक आहे’ अशी, तर जवळ कुणीतरी असण्याची शक्यता धरा. मग ‘आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का? हो-नाही एवढंच सांगा’ हा प्रश्न उपयोगी पडतो.

रडणं चालू असेल तर ‘रडू नका, शांत व्हा’ म्हणू नका. ते जमत नाही म्हणून तर फोन आलाय. ‘रडून घ्या, मी थांबते’ म्हणा, आणि खरंच थांबा.

त्याच्या पहिल्या वाक्याला तुमचं उत्तर

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक फोन सांगते. रात्री उशिरा एक मुलगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘मी दमलो. आता कशालाच अर्थ नाही.’

‘असं नका म्हणू, सगळं नीट होईल’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते खोटं आहे, कारण नीट होईल की नाही हे मला माहीत नाही. त्यातून त्याला आणखी एक गोष्ट ऐकू गेली असती, ती म्हणजे ‘मला हे ऐकवत नाही’. मी म्हणाले, ‘दमलो म्हणालात. आवाजातही जाणवतंय. आज काय झालं?’ त्याचाच शब्द उचलायचा, त्याच्यापेक्षा थोडं हळू बोलायचं, आणि प्रश्न ‘आज’वर आणायचा. सगळं आयुष्य सांगणं कुणालाच झेपत नाही, आजचा दिवस सांगता येतो. ‘का असं वाटतं?’ मात्र विचारू नका, ‘का’ म्हटलं की माणूस खुलासे द्यायला लागतो.

तो नोकरीबद्दल, मग घरच्यांबद्दल थोडं बोलला आणि म्हणाला, ‘मी नसलो तर सगळ्यांना बरं.’

सरळ विचारा

इथे नवे स्वयंसेवक हमखास म्हणतात, ‘काही वेडंवाकडं करणार नाही ना?’ या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि दार बंद होतं. शिवाय ‘वेडंवाकडं’ म्हणून तुम्ही निकालही देऊन टाकता. मी विचारलं, ‘मी नसलो तर बरं म्हणालात. जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट जे कुणापुढे उच्चारता येत नव्हतं ते कुणीतरी उच्चारल्यावर बऱ्याच जणांना हलकं वाटतं. प्रश्न त्याच संथ आवाजात, शब्द न गिळता विचारा.

तो ‘हो’ म्हणाला. लगेच पुढचा प्रश्न: ‘आत्ता स्वतःला काही इजा केलीय किंवा काही घेतलंय का?’ याचं उत्तर ‘हो’ असेल तर ऊब थोडी बाजूला ठेवा आणि लहान वाक्यांवर या: ‘तुम्ही कुठे आहात? दार उघडं आहे का? सोबत कोण आहे?’ पाळीप्रमुखाला हाताने खूण करा, लाइनच्या नियमाप्रमाणे तातडीची मदत बोलवायला लावा, आणि ती पोचेपर्यंत शक्य तेवढा वेळ त्याच्याशी बोलत राहा.

तो म्हणाला, ‘नाही, काही केलं नाही.’ आणि मग, ‘तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’

घाईत ‘कध्धीच नाही’ म्हणू नका, कारण ते वचन मोडायची वेळ येऊ शकते. आमच्या लाइनच्या नियमाप्रमाणे मी म्हणाले, ‘आपलं बोलणं आपल्यातच राहतं. जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र मला मदत बोलवावी लागेल, आणि तसं झालं तर मी तुम्हाला सांगेन.’ तो क्षणभर थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, ‘सकाळपासून सांगतो.’