माहिती-गोपनीयतेचं धोरण सोपं करताना या चुका टाळा

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या काट्यावर शेतकऱ्यांचे आधार, पासबुक आणि मोबाइल नंबर जमा होऊ लागतात. चुकारा बँकेत टाकायचा असतो, म्हणून दिवाणजी पासबुकाचा फोटो काढतात आणि व्हॉट्सअॅपवर हिशेबवाल्यांना पाठवतात. माहिती बाहेर जाण्याचा धोका सर्वात जास्त इथेच आहे. कंपनीचं गोपनीयता धोरण कळायला हवं तेही याच माणसांना. राळेगाव, वणी, हिंगणघाट या पट्ट्यातल्या कोणत्याही जिनिंगच्या धोरणात सापडेल असं एक कलम घेऊ:

“वैयक्तिक माहितीच्या उल्लंघनाची बाब निदर्शनास आल्यास डेटा प्रोसेसिंगशी संबंधित कर्मचाऱ्याने ती विनाविलंब सक्षम अधिकाऱ्यास अवगत करावी.”

शब्दाला शब्द बदलणं

पहिली चूक इथेच होते. ‘डेटा प्रोसेसिंग’च्या जागी ‘माहिती प्रक्रिया’ येतं, ‘अवगत’च्या जागी ‘सूचित’, आणि सोपं झालं असं वाटतं. पण काट्यावरच्या माणसाला अडचण शब्दांची फारशी नसते. त्याला कळत नाही ते असं, की हे माझ्याबद्दल आहे का, नेमकं काय घडलं म्हणजे ‘उल्लंघन’, आणि सांगायचं कोणाला. पासबुकाचा फोटो चुकून गावाच्या ग्रुपवर गेला, तर ते उल्लंघन आहे हे त्याच्या मनातही येत नाही. त्याच्या लेखी ती चोरी नसते, नुसती चुकून झालेली गोष्ट असते.

म्हणून आधी घटना लिहा, मग माणूस आणि वेळ. तेच कलम असं होतं:

“शेतकऱ्याचं किंवा कामगाराचं आधार, पासबुक, मोबाइल नंबर चुकीच्या माणसाकडे किंवा ग्रुपवर गेलं, काट्याची वही हरवली, कामाचा मोबाइल चोरीला गेला, तर लगेच ऑफिस मॅनेजरला फोन करा. रात्र असली तरी करा. फोटो डिलीट केला असला तरी सांगा. चुकून झालं असलं तरी सांगा.”

मूळ कलमापेक्षा हे लांब आहे, आणि तसंच राहू द्या. सोपं म्हणजे आखूड, असं समजून घटनांची यादी कापली की कलम पुन्हा होतं तिथेच येतं.

‘लगेच’ हा शब्द मात्र ‘लवकरात लवकर’ असा सैल करू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अशी घटना घडली तर कंपनीने संबंधित माणसांना आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला कळवायचं असतं. नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या नियमांप्रमाणे बोर्डाला पहिली खबर विनाविलंब आणि सविस्तर माहिती, घटना कळल्यापासून 72 तासांत द्यायची आहे. नियमांचा हा भाग जाहीर झाल्यापासून 18 महिन्यांनी लागू होतो. शनिवारी संध्याकाळी गेलेला फोटो दिवाणजींनी सोमवारी सांगितला, तर शेतकऱ्याला सावध करायचे दोन दिवस हातचे गेलेले असतात.

सोपं करताना खोटं लिहिणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. “तुमची माहिती कोणालाही दिली जाणार नाही,” हे वाक्य वाचायला छान आहे, पण खरं नाही. कामगाराची माहिती पीएफ कार्यालयाला जाते, बँकेला जाते, बहुतेक ठिकाणी पगाराचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपनीलाही जाते. तेव्हा “पगार आणि पीएफसाठी लागते तेवढी माहिती बँकेला, पीएफ कार्यालयाला आणि पगाराचं काम बघणाऱ्या कंपनीला देतो,” असं लिहा. मसुदा झाला की मूळ कलम शेजारी ठेवून वकिलाला दाखवा आणि एकच विचारा: कोणतं बंधन किंवा अपवाद सुटला का?

सगळ्याच्या शेवटी “मला मान्य आहे” म्हणून अंगठा किंवा सही घेण्याचीही सवय असते. नोकरीच्या कामासाठी लागणारी काही माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा याच कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे. तिथे संमती मागितली की कामगाराला वाटतं आपण नाहीही म्हणू शकतो. प्रत्यक्षात तसं नसतं. “वाचून दाखवलं” एवढीच सही पुरे. आणि जिथे खरोखर संमती मागायची, तिथे ती साध्या भाषेत हवी आणि मराठीत वाचायची सोय हवी, असं कायदाच सांगतो.

“समजलं का?” असं विचारणं

याला सगळेच “हो जी” म्हणतात. त्याऐवजी प्रसंग द्या: “एका शेतकऱ्याच्या पासबुकाचा फोटो चुकून गावाच्या ग्रुपवर गेला. तुम्ही काय कराल?” दिवाणजी, गेटवरचा चौकीदार, हजेरी घेणारा, यांना एकेकट्याला विचारा. घोळक्यात एकाचं उत्तर सगळे उचलतात.

“डिलीट मारतो न जी, अन् काय?” असं उत्तर आलं, तर डिलीटचं वाक्य तळाशी गाडलं गेलं आहे. ते वर आणा. “साहेबाले सांगीन” असं आलं, तर कोणत्या साहेबाला, ते विचारा. प्रत्येक जण वेगळं नाव घेत असेल तर कलमात हुद्दा पुरेसा नाही, नाव आणि फोन नंबर लागतो. आणि “रात्री कोण फोन उचलते?” असं चौकीदाराने विचारलं, तर भाषा कितीही सुधारली तरी उपयोग नाही. रात्रपाळीत फोन कोणी घ्यायचा हे कंपनीने आधी ठरवावं, तो नंबर काटाघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा, आणि मगच कलम छापायला द्यावं.