प्रोग्रेस फोटो जुळवताना या चुका टाळा: कान मागे गेला की खांदा पुढे आला?

माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या एका बाईंनी बारा आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी लावून मला पाठवले. दोन्ही उजव्या बाजूने काढलेले. खाली लिहिलं होतं, "पोट आत गेलं आणि मानेचा बाकही गेला!" पाहताक्षणी मलाही तसंच वाटलं. मग मोजायला बसलो आणि दोन्ही दावे डळमळले. त्या दोन फोटोंत जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका सापडल्या, म्हणून तेच उदाहरण घेतो.

प्रकाश

पहिल्या फोटोत कॅमेऱ्याच्या मागे खिडकी होती. प्रकाश सपाट, सगळीकडे सारखा. दुसऱ्यात खिडकी शरीराच्या एका बाजूला होती. तिरपा प्रकाश पडला की प्रत्येक उंचवट्याच्या पलीकडे सावली पडते आणि बरगड्यांखालची, पोटाच्या कडेची रेष उठून दिसते. खरं वाटत नसेल तर खिडकीकडे तोंड करून एक फोटो काढा, मग कॅमेऱ्यासकट नव्वद अंशात वळून लगेच दुसरा काढा. एका मिनिटात पोटावर 'कट' येतात!

फोनमध्ये ब्राइटनेस सारखा केला तरी हे दुरुस्त होत नाही, कारण सावलीची दिशा बदलत नाही. नाकाची आणि हनुवटीची सावली कुठे पडली आहे ते बघा. दोन फोटोंत ती वेगळ्या बाजूला असेल, तर स्नायू उठून दिसतात की नाही यावर त्या जोडीतून काहीही ठरवू नका. अशा फोटोंतून फक्त बाह्यरेषा वापरता येते. मी दोन्ही कृष्णधवल करून घेतो आणि रंग, चमक, सावली सगळं सोडून कडा तेवढ्या पाहतो. गडद कपडे गडद भिंतीसमोर असतील तर कडाही मिळत नाही. तिथे विषय संपतो.

मोजण्याआधी फोटो सरळ करा

दुसरा फोटो किंचित कलला होता. मागची दाराची चौकट पाहिली तर साधारण एक अंशाचा कल निघाला. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण घोट्यापासून कानापर्यंत सुमारे दीड मीटर उंचीत तो अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकवतो. मान पुढे आहे की मागे हा वाद मुळात दोन-तीन सेंटिमीटरचाच असतो. म्हणून आधी चौकट उभी येईपर्यंत फोटो फिरवायचा आणि मगच पट्टी लावायची. चौकटीवरही भरवसा नसेल तर मागे दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडा. तो खोटं बोलत नाही.

मग आकार. सगळे जण खांद्याच्या रुंदीवर किंवा कमरेवर दोन फोटो जुळवतात. म्हणजे जे बदललंय का ते पाहायचंय, तेच आधी सारखं करून टाकतात! जुळवायचं ते न बदलणाऱ्या मापावर. मी टाचेपासून कानाच्या भोकापर्यंतची उंची घेतो. पहिल्या फोटोत ती 2480 पिक्सेल होती, दुसऱ्यात 2232. बाई दुसऱ्या वेळी कॅमेऱ्यापासून लांब उभ्या होत्या, इतकंच.

बेंबीच्या पातळीवर पोटापासून पाठीपर्यंतची जाडी पहिल्यात 372 पिक्सेल आणि दुसऱ्यात 310 आली. सरळ पाहिलं तर जवळपास 17 टक्के घट. पण उंचीने भागलं की 0.150 आणि 0.139, म्हणजे घट सात टक्क्यांच्या आसपास. त्यांची कानापर्यंतची खरी उंची 150 सेंटिमीटर आहे, म्हणून जाडी 22.5 वरून 20.8 झाली. फरक 1.7 सेंटिमीटर.

अंतर बदललं तर एवढ्या हिशेबानेही काम पूर्ण होत नाही. कॅमेरा एक मीटरवर असेल तर शरीराचा पंधरा सेंटिमीटर पुढे आलेला भाग सुमारे 18 टक्के मोठा दिसतो, तीन मीटरवर जेमतेम 5 टक्के. हे नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून तीन मीटरवर ट्रायपॉड, लेन्स बेंबीच्या उंचीला, झूम तोच, आणि जमिनीवर पायांच्या जागी चिकटपट्टी.

पोज: इथेच खरी फसगत होते

बाईंचा मानेचा दावा कानाच्या भोकापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या आडव्या अंतरावर होता. पहिल्या फोटोत कान खांद्याच्या 4 सेंटिमीटर पुढे, दुसऱ्यात फक्त 1.7. मग मी तेच अंतर घोट्याच्या हाडापासून मोजलं. कान दोन्ही फोटोंत घोट्याच्या 8 सेंटिमीटर पुढे! खांदा मात्र आधी घोट्याच्या 4 सेंटिमीटर पुढे होता, तो आता 6.3 झाला होता.

डोकं जागेवरच होतं. पोट नीट दिसावं म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी हात पुढे घेतले होते आणि त्याबरोबर खांदा कानाकडे सरकला. म्हणजे पाठीला बाक आला तरी या मापात मान सुधारल्यासारखी दिसते. खांद्याच्या टोकावरून मान मोजणं म्हणूनच धोक्याचं.

घोट्याचं मापही पूर्ण निर्दोष नाही. माणूस सगळाच पुढे झुकून उभा राहिला तर कान घोट्याच्या पुढे जातो. म्हणून तिसरा पडताळा हवा: मानेच्या पायथ्याशी हाताला लागणारं उंच हाड (सातवा मणका), तिथून कानाच्या भोकापर्यंत रेष, आणि त्या रेषेचा आडव्या पातळीशी कोन. मान पुढे आली की कोन कमी होतो. त्यांचा पहिल्यात 46 अंश आला, दुसऱ्यात 47. सुधारणा म्हणावी असा फरक नाही. यासाठी केस वर बांधलेले हवेत आणि त्या हाडावर छोटं स्टिकर हवं, नाहीतर बोट कुठे ठेवायचं हाच अंदाज होतो. नजर समोरच्या एका ठरावीक खुणेवर ठेवावी, कारण हनुवटी वर-खाली झाली तरी हा कोन थोडा हलतो.

आता पोटाचे 1.7 सेंटिमीटर. मी त्यांना त्याच संध्याकाळी, त्याच जागी तीन फोटो काढायला सांगितले. प्रत्येक वेळी खोलीबाहेर जाऊन परत यायचं, पुन्हा उभं राहायचं, श्वास नेहमीसारखा सोडून थांबायचं. जाडी आली 20.6, 21.3 आणि 21.9. एकाच शरीराची, दहा मिनिटांत. सव्वा सेंटिमीटरची घडामोड तर उभं राहण्याच्या आणि श्वासाच्या फरकानेच झाली. त्यांची सरासरी 21.3, म्हणजे पहिल्या फोटोपेक्षा 1.2 कमी. पहिल्या दिवशीचा तर एकच फोटो होता. तो कितीने इकडेतिकडे असेल, कोण सांगणार?

त्यांच्याकडे वहीत टेपची मापं होती, हे बरं झालं. बेंबीवरून घेतलेला कमरेचा घेर बारा आठवड्यांत 3 सेंटिमीटर कमी झाला होता. पोटाचा दावा मी त्या वहीवर मान्य केला, मानेचा नाही. आता दर चार आठवड्यांनी त्या सकाळी, काही खाण्याआधी, हात बाजूला सोडून, बाजूने तीन फोटो काढतात आणि मधला आकडा धरतात.