आज्जींना नंबरच दिसेना

बेळगावात घरपोच वृद्धसेवा देणाऱ्यांसाठी माहितीपत्रक केलं. फिकट हिरव्यावर निळा फोन नंबर, चकचकीत कागद. मला ते रंग शांत वाटले. शहापुरातल्या आज्जींनी ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं नि म्हणाल्या, "नंबर कुठं हाय रे?"

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा-हिरवा एकमेकांत मिसळतो. वर कागदाची चमक! मग साय रंगाचा मॅट कागद घेतला, अक्षरं जवळपास काळी, हिरवा फक्त कडेच्या पट्टीला. अक्षर १२ वरून १६ पॉइंट केलं, तर उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडले. ओळींतलं अंतर २५ पॉइंट केल्यावर सुटले. जागेसाठी निम्मा मजकूर उडवला. 'परिचर्या सुविधा'चं झालं 'आंघोळ घालतो, औषध वेळेवर देतो'.

आज्जींनी नंबर चष्म्याशिवाय वाचला.