क्रियापद कोणाच्या मागे जातं?

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी आलेला एक लांबलचक कथनात्मक लेख तपासत होतो. ‘मावशीने गावाहून येताना आमच्यासाठी टोपलीभर चिंचा आणली.’ ‘आणली’ हा शब्द शुद्धच, त्यामुळे स्पेलचेकर गप्प.

मग भूतकाळातलं प्रत्येक ‘-ने’चं वाक्य शोधलं आणि ‘काय?’ विचारलं. काय आणलं? चिंचा. म्हणजे ‘आणल्या’. कर्मालाच ‘ला/ना’ असेल, तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी: ‘मावशीने मुलींना उठवलं.’ तिथे ‘उठवल्या’ नको.

‘मी’च्या वाक्यांत ‘ने’ दिसत नाही, म्हणून ती वेगळी वाचावी लागली. ‘मी पोळी खाल्ली’ कर्मामागे जातं. पण विसरणे, शिकणे कर्त्यामागेच: मुलगी लिहिते, ‘मी डबा विसरले.’