पुस्तकाच्या पानांना नंबर द्यायला किती अंक लागतील? या चुका टाळा

शिष्यवृत्तीच्या वह्या तपासताना हे गणित आलं की माझा लाल पेन आपोआप हातात येतो. २५० पानांच्या पुस्तकाला नंबर द्यायला किती अंक लागतील? दहापैकी सहा-सात वह्यांत उत्तर ६३९. बरोबर उत्तर ६४२.

चूक कुठे होते ते पाहा. १ ते ९ ला ९ अंक, १० ते ९९ ही ९० पानं म्हणून १८० अंक. इथवर १८९, आणि ते सगळ्यांना पाठ असतं. पुढे मुलं २५० मधून १०० वजा करतात आणि १५० पानं धरतात. पण १०० नंबरचं पानही तीनअंकीच ना! वजा ९९ करायचे. १५१ पानं, ४५३ अंक, एकूण ६४२.

ही चूक मीही केली आहे, तीही पैसे देऊन. शाळेच्या हस्तलिखिताची १३६ पानं झाली होती. सुंदर अक्षराचा एक पेंटर अंकामागे २ रुपये घेऊन नंबर घालायला तयार झाला. मी घाईत १३६ मधून १०० काढले, ३६ ला तिनाने गुणलं, १८९ मिळवले आणि २९७ अंकांचे ५९४ रुपये त्याच्या हातावर ठेवले. संध्याकाळी हस्तलिखित परत आलं, शेवटचं पान कोरं. "सर, पैसे १३५ पर्यंतचेच होते." तेव्हापासून मी ९९ आधी कोपऱ्यात लिहितो, मग वजाबाकी.

उलट गणितात तीच चूक उलटी होते. ६४२ अंक लागले तर पानं किती? ६४२ मधून १८९ गेले, उरले ४५३, भागिले ३ म्हणजे १५१. इथेच पेन खाली ठेवणारे खूप. त्यात ९९ मिळवा, २५०. तिनाने भाग नि:शेष गेला नाही तर वजाबाकी पुन्हा बघा. १००० अंक नेमके लागतील असं पुस्तकच नसतं, कारण ८११ ला तिनाने भाग जात नाही.

आता क्लासवाल्यांची ट्रिक: पानं गुणिले ३, वजा १०८. चुकीची नाही. सगळे नंबर ००१, ००२ असे तीनअंकी लिहिले समजा, तर पहिल्या ९ पानांवर दोन-दोन शून्यं फुकटची, म्हणजे १८, आणि पुढच्या ९० पानांवर एकेक. मिळून १०८. हे न कळता पाठ करणारे मग ८५ पानांच्या पुस्तकालाही तेच लावतात आणि १४७ लिहून मोकळे होतात. तिथे ७६ दुणे १५२ आणि ९, म्हणजे १६१. ट्रिक फक्त १०० ते ९९९ पानांपुरती.

आणि हो, प्रश्नात 'अंक' म्हटलंय की 'संख्या', ते वाचा. २५० पानांना संख्या २५०च लागतात.