३:२ चे टक्के करताना बेरीज १०० का भरत नाही? भागीदारीच्या हिश्श्यांत या चुका टाळा

भागीदारीच्या करारनाम्यात ‘नफा-तोटा ३:२ या प्रमाणात’ एवढेच लिहिलेले असते. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मात्र प्रत्येक भागीदाराच्या नावापुढे टक्केवारीचा रकाना असतो आणि त्याची बेरीज १०० भरावी लागते. प्रमाणाचे टक्के करताना होणाऱ्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. दोघा भावांच्या एका दुकानाचे उदाहरण घेऊन त्या पाहू. थोरल्याचे तीन भाग, धाकट्याचे दोन.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे दोन आकडे एकमेकांनी भागणे. २ ला ३ ने भागले की ६६.६७ टक्के येतात आणि कोणीतरी ते धाकट्याच्या नावापुढे लिहून मोकळे होते. हा आकडा खोटा नाही, पण तो धाकट्याचा हिस्सा थोरल्याच्या हिश्श्याच्या मानाने किती, हे सांगतो. आपल्याला हवा असतो एकूण नफ्यातला हिस्सा. म्हणून आधी भागांची बेरीज करायची: ३ + २ = ५. मग ३ × १०० ÷ ५ = ६० आणि २ × १०० ÷ ५ = ४०. एखाद्याचा हिस्सा इतरांच्या हिश्श्याने भागला गेला असेल, तर ही चूक हमखास झालेली असते.

इथेच एक सावधगिरी. भांडवल ३ लाख आणि २ लाख घातले म्हणून नफाही ३:२ होतो, असे नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १३ प्रमाणे वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखाच वाटला जातो, म्हणजे ५०-५०. टक्के काढण्याआधी आपण कोणते प्रमाण हातात घेतले आहे ते करारनाम्यात पाहावे.

नवा भागीदार आला की

आता पुतण्या चौथ्या हिश्श्याने भागीदार होतो. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी ३:२ च्या पुढे सरळ १ लिहून ३:२:१ करतात. त्यात पुतण्याला सहावा हिस्सा, म्हणजे १६.६७ टक्केच मिळतात, २५ नाही. बरोबर रीत अशी: पुतण्याचा चौथा हिस्सा आधी बाजूला काढायचा. उरलेले तीन चतुर्थांश दोघा भावांत ३:२ ने वाटायचे. थोरल्याला ९/२०, धाकट्याला ६/२० आणि पुतण्याला ५/२० येतात. म्हणजे ४५, ३० आणि २५. बेरीज बरोबर १००, आणि भावांचे आपसातले ३:२ ही तसेच राहिले. करारात काही वेगळे ठरले नसेल तर हेच धरतात.

इथवर आकडे गोड निघाले, कारण २० ने १०० ला पूर्ण भाग जातो. खरी अडचण पुढे येते. हाच पुतण्या सातव्या हिश्श्याने आला असता तर? उरलेल्या ६/७ चे ३:२ ने भाग केले की प्रमाण होते १८:१२:५, एकूण ३५ भाग. त्यांचे टक्के ५१.४२८५…, ३४.२८५७… आणि १४.२८५७… असे न संपणारे. दोन दशांश स्थळांपर्यंत नेहमीसारखे पूर्णांकन केले तर ५१.४३, ३४.२९ आणि १४.२९ येतात. बेरीज १००.०१! तिघांचेही आकडे वर सरकले, म्हणून एक शतांश जास्त झाला. तीन समान भागांत उलटे होते: ३३.३३ तीनदा म्हणजे ९९.९९.

जुन्या रुपयात हा प्रश्न तिघांपुरता तरी नव्हता. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. त्यांचे तीन सारखे भाग केले की प्रत्येकी ५ आणे ४ पै, बाकी शून्य. १९५७ मध्ये रुपयाचे शंभर पैसे झाले आणि एक तृतीयांश बसेनासा झाला.

तो एक शतांश कोणाचा?

नेहमीची पळवाट अशी की पहिल्या दोघांचे टक्के काढायचे आणि शेवटच्याला १०० मधून उरलेले द्यायचे. बेरीज जुळते, पण हिस्सा यादीतल्या क्रमावर ठरतो. पुतण्या शेवटी असला तर त्याला १४.२८, धाकटा भाऊ शेवटी असला तर त्याला ३४.२८. भागीदार जास्त असले तर सगळ्यांची चूक एकट्या शेवटच्यावर साठते. ही रीत मला योग्य वाटत नाही.

त्यापेक्षा हे करा. सगळ्यांचे आकडे आधी खालीच तोडा: ५१.४२, ३४.२८, १४.२८. बेरीज ९९.९८, म्हणजे दोन शतांश वाटायचे राहिले. ज्याचे तुटलेले शेपूट सर्वांत मोठे, त्याला पहिला. थोरल्याचे शेपूट ०.००८५, म्हणून तो ५१.४३. दुसऱ्यासाठी मात्र धाकटा आणि पुतण्या अगदी बरोबरीत आहेत, दोघांचेही ०.००५७. इथे गणित निकाल देत नाही, नियम ठरवावा लागतो. माझ्या मते तो शतांश लहान हिश्श्याच्या भागीदाराला द्यावा, कारण तेवढीच तूट मोठ्या हिश्श्यात प्रमाणाने कमी जाणवते. म्हणजे ५१.४३, ३४.२८, १४.२९. बेरीज १००.०० नेमकी.

संगणकावरचा फसवा शंभर

स्प्रेडशीटमध्ये फक्त दोन दशांश ‘दाखवा’ असे ठरवले, तर पेशीत पूर्ण आकडा तसाच राहतो. छापलेल्या कागदावर ५१.४३, ३४.२९, १४.२९ आणि खाली बेरीज १००.०० दिसते. कोणी कॅल्क्युलेटर घेऊन बसला की १००.०१ येतात आणि सगळ्या हिशोबावरच शंका येते. म्हणून पूर्णांकन पेशीतच करावे:

```
=ROUNDDOWN(B2*100/SUM(B$2:B$4),2)
=100-SUM(C2:C4)
```

१८, १२, ५ हे भाग B2 ते B4 मध्ये असतील तर पहिले सूत्र C2 ते C4 या तिन्ही ओळींत, दुसरे त्यांच्या खाली. दुसऱ्यात ०.०२ येईल, म्हणजे दोन शतांश; ते वर सांगितल्याप्रमाणे हाताने वाटायचे. सूत्र खाली ओढताना B च्या पुढची $ चिन्हे गळली तर बेरजेची ओळ सरकते आणि टक्के भलतेच येतात.

पैसे टक्क्यांनी वाटू नका

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. टक्के फॉर्मसाठी काढलेले असतात. नफा वाटताना मूळ प्रमाणच वापरावे. समजा नफा ७,००,००० रुपये. १८:१२:५ ने थोरल्याला ३,६०,०००, धाकट्याला २,४०,००० आणि पुतण्याला १,००,०००. वरच्या टक्क्यांनी वाटले तर ३,६०,०१०, २,३९,९६० आणि १,००,०३०. फरक थोडाच आहे. पण एखाद्या फॉर्मने पूर्ण टक्केच मागितले, ५२, ३४ आणि १४ लिहिले गेले, आणि पुढे कोणी त्यांवरूनच वाटप केले, तर थोरल्याला ४,००० जास्त मिळतात आणि बाकी दोघांना दोन-दोन हजार कमी. दरवर्षी.

म्हणून करारनाम्यात हिस्सा अपूर्णांकातच असावा: ‘अनुक्रमे १८/३५, १२/३५ व ५/३५’. त्याच कलमात पुढे एक ओळ घालावी: ‘टक्केवारी जेथे मागितली जाईल तेथे ती ५१.४३, ३४.२८ व १४.२९ अशी लिहावी. वाटप मात्र वरील अपूर्णांकांप्रमाणेच करावे.’