कॅन्सलेशनचा मेल खरा की फसवा? रिफंडच्या नावाखाली कार्ड आणि ओटीपी देऊन बसू नका, या चुका टाळा

माझ्या आत्याने एका व्यायामाच्या अ‍ॅपचा वर्षाचा प्लॅन कॅन्सल केला. सकाळी पावणेअकराला केला आणि दोन मिनिटांत मेल आला, प्लॅन रद्द झालाय, चालू महिना संपेपर्यंत वापरता येईल, उरलेले पैसे ज्या कार्डवरून भरले त्याच कार्डवर परत येतील, खाली कॅन्सलेशन नंबर. एवढंच. आणि मग संध्याकाळी दुसरा मेल आला, तोच लोगो, तोच रंग, पण मजकूर असा की तुमचं कॅन्सलेशन अर्धवट राहिलंय, रिफंड पाठवण्यासाठी कार्ड व्हेरिफाय करा, 24 तासांत केलं नाही तर प्लॅन परत चालू होईल आणि पैसे कापले जातील.

आत्याने लिंक उघडली, कार्ड नंबर टाकला, एक्सपायरी टाकली, सीव्हीव्ही टाकला. मोबाइलवर कोड आला, तोही टाकला. पेजवर आलं, कोड चुकीचा आहे, नवीन पाठवतोय. दुसरा आला, तोही टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने मला फोन केला, "अरे हा कोड घेतच नाहीये, मी काही चुकतेय का?"

मी म्हटलं, आत्या, तू कोड टाकू नकोस, आधी ते तिन्ही मेसेज मला पहिल्या शब्दापासून वाचून दाखव. पहिल्या मेसेजमध्ये होतं, तुमचं कार्ड मोबाइल वॉलेटमध्ये अ‍ॅड करण्यासाठीचा कोड. दुसऱ्यात होतं, अमुक रकमेच्या खरेदीसाठीचा कोड, आणि दुकानाचं नाव तिने कधी ऐकलेलंही नव्हतं. तिसराही खरेदीचाच, रक्कम आणखी मोठी. म्हणजे एकही कोड चुकलेला नव्हता, पहिल्या दोन कोडचं काम होऊन गेलेलं होतं आणि "चुकीचा कोड" हे वाक्य फक्त पुढचा कोड काढून घ्यायला होतं.

आत्या साधीभोळी वगैरे अजिबात नाही, बँकेचे सगळे व्यवहार ती स्वतः करते. चुका कुठे झाल्या ते मी तिच्यासोबत बसून एकेक करून पाहिलं, आणि त्या कोणाच्याही होऊ शकतात म्हणून सविस्तर लिहितोय.

चूक पहिली : रिफंड द्यायला कार्डची माहिती लागते असं समजणं

हे एकदा नीट डोक्यात बसलं की निम्मे फसवे मेल तिथेच ओळखू येतात. तुम्ही कार्डने पैसे भरता तेव्हा त्या व्यवहाराला एक रेफरन्स मिळतो, आणि कंपनी रिफंड करते ती त्या जुन्या व्यवहारावर, त्यांच्या सिस्टीममध्ये तो व्यवहार उघडून त्यावरच रिफंड टाकायचा असतो आणि पैसे आपोआप त्याच कार्डच्या खात्याकडे निघतात. कार्ड नंबर पुन्हा विचारायची गरजच पडत नाही. मधल्या काळात कार्ड एक्सपायर होऊन नवीन आलं असेल तरी बँक बहुतेक वेळा ते पैसे तुमच्याच खात्यात वळवते.

सीव्हीव्हीचं तर आणखी स्पष्ट आहे. कार्डच्या सुरक्षेचे जे जागतिक नियम आहेत, पीसीआय डीएसएस म्हणतात ते, त्यांच्यानुसार पेमेंट मंजूर झाल्यावर दुकानदाराला सीव्हीव्ही साठवून ठेवताच येत नाही. तो लागतो नवीन पैसे घेताना. म्हणजे "रिफंडसाठी सीव्हीव्ही टाका" हे वाक्यच खोटं आहे, पुढचा मेल वाचायचीही गरज नाही.

आणि ओटीपी हा पैसे जाताना लागतो, येताना नाही. कुणी तुमच्या खात्यात पैसे टाकत असेल तर त्याला तुमची परवानगी कशाला हवी?

आता एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर खरा मेल आल्यावर गोंधळ व्हायचा. ज्या खात्यातून पैसे भरले ते बंदच झालं असेल किंवा मुळात रोख पैसे दिले असतील तर कंपनी खरंच बँक खात्याचा नंबर विचारू शकते. पण तेव्हाही फक्त खातं विचारतील, सीव्हीव्ही नाही, ओटीपी नाही, आणि ती माहिती तुम्ही स्वतः अ‍ॅप उघडून तिथेच द्यायची, मेलमधल्या लिंकवर नाही. तसंच कॅन्सल करताना अ‍ॅपमध्ये लॉगिन करायला कोड येतो तो ठीक आहे, कारण सुरुवात तुम्ही केली आणि कोडही तुम्ही स्वतः उघडलेल्या अ‍ॅपमध्येच टाकताय.

चूक दुसरी : मेसेजमधले फक्त आकडे वाचणं

सगळेच असं करतात, मीही करायचो. नोटिफिकेशन वर येतं, सहा आकडे दिसतात, टाकून मोकळे. कधीकधी तर फोनच कोड आपोआप भरतो, मग मेसेज उघडलाही जात नाही. पण कोड कशासाठी आहे ते बहुतेक वेळा त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. खरेदी, रक्कम, दुकानाचं नाव, लॉगिन, पासवर्ड बदलणं, वॉलेटमध्ये कार्ड अ‍ॅड करणं. रिफंड घ्यायला बसलाय आणि मेसेजमध्ये "पेमेंट" किंवा "अ‍ॅड" असा शब्द दिसला तर तिथेच थांबायचं.

यातला वॉलेटवाला कोड सगळ्यात घातक, आणि त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. खरेदीच्या कोडने एक व्यवहार होतो. वॉलेटच्या कोडने तुमचं कार्ड दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊन बसतं, आणि मग तो फोन दुकानातल्या मशीनला लावून पैसे देता येतात, तेव्हा तुमच्याकडे कोड येत नाही कारण मंजुरी त्या फोनवरच दिली जाते.

चूक तिसरी : माहिती जुळतेय म्हणजे मेल खरा

आत्याचं म्हणणं, "त्यात माझ्या कार्डचे आकडेही होते ना." मेल पुन्हा उघडून पाहिला तर त्यात कार्डचे पहिले चार आकडे होते आणि पुढे फुल्या. पहिले सहा-आठ आकडे कार्डचा प्रकार आणि बँक सांगतात, त्या बँकेच्या त्याच प्रकारच्या हजारो कार्डांवर ते सारखेच असतात. फसवणारा अंदाजाने मोठ्या बँकेचे आकडे लिहितो आणि ज्याचे जुळतात त्याला वाटतं यांना माझं कार्ड माहितीये. खऱ्या मेलमध्ये साधारणपणे शेवटचे चार असतात, सकाळच्या मेलमध्ये तसेच होते. पण शेवटचे चार जुळले म्हणूनही डोळे झाकून विश्वास नको, एखाद्या जुन्या पावतीतून किंवा डेटा लीकमधून तेही बाहेर गेलेले असू शकतात.

पाठवणाऱ्याचं नाव तर काहीही ठेवता येतं, म्हणून नावावर टॅप करून पूर्ण पत्ता बघायचा. लिंक बघताना सुरुवातीच्या `https://` नंतर जो पहिला `/` येतो तिथपर्यंतचाच भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. उदाहरणार्थ

```
https://fitapp.example/cancel
https://fitapp.example.refund-desk.example/cancel
```

पहिल्यात साइट आहे `fitapp.example`. दुसऱ्यात ते नाव सुरुवातीला दिसतंय खरं, पण साइट आहे `refund-desk.example`, आधीचं सगळं त्यांनी पुढे चिकटवलेलं. मोबाइलवर पत्ता अनेकदा अर्धाच दिसतो आणि नेमका हा शेवटचा भाग कापला जाऊ शकतो, म्हणून फोनवर जास्त सावध राहायचं.

पण नुसता पत्ता तपासूनही भागत नाही. हॉटेल बुकिंगमध्ये असे प्रकार झालेत की हॉटेलचंच बुकिंग साइटवरचं अकाउंट हॅक झालं आणि मेसेज आला तो खऱ्या अ‍ॅपच्या खऱ्या चॅटमध्ये, नाव, तारखा, बुकिंग नंबर सगळं बरोबर, फक्त मागणी ही की बुकिंग रद्द होऊ नये म्हणून या लिंकवर कार्ड व्हेरिफाय करा. म्हणून माझ्या मते मेल कुणाकडून आला यापेक्षा मेल काय मागतोय हे आधी बघायचं. कॅन्सलेशनचा खरा मेल झालेली गोष्ट कळवतो, त्यात तुमच्यासाठी काम नसतं.

चूक चौथी : मेलमधूनच खात्री करायला जाणं

मेलमधल्या लिंकवर जाऊन किंवा मेलमधल्या नंबरवर फोन करून विचारलं की "हा मेल तुमचाच का?", तर पलीकडून उत्तर हो असंच येणार. मेल बंद करा, अ‍ॅप स्वतः उघडा, सबस्क्रिप्शन किंवा ऑर्डर्समध्ये जा. तिथे रद्द झालंय आणि कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते दिसत असेल तर विषय संपला, अर्धवट वगैरे काही राहिलेलं नाही. प्लॅन फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतला असेल तर तो स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत दिसतो, तिथे बघा.

रिफंड खरंच अडकलाय असं वाटलं तर आधी थोडे दिवस थांबा, कार्डवर पैसे दिसायला पाच-दहा कामाचे दिवस सहज लागतात आणि हे लोक नेमका हाच मधला काळ साधतात. त्यानंतरही आले नाहीत तर अ‍ॅपमधल्या सपोर्टकडे एआरएन मागा. हा रिफंडच्या व्यवहाराचा 23 आकडी नंबर असतो, तो बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते त्यांना शोधता येतं.

चूक पाचवी : माहिती दिल्यावर नुसतं पेज बंद करून गप्प बसणं

इथे मिनिटं मोजायची. आत्याचा फोन चालू असतानाच आम्ही बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं, अ‍ॅप नसेल तर कार्डच्या मागच्या नंबरवर फोन. मग बँकेला स्पष्ट विचारलं की हे कार्ड कुठल्या कुठल्या मोबाइल वॉलेटमध्ये जोडलेलं आहे, आणि त्यात एक अनोळखी फोन निघाला, तो काढायला लावला. हे वेगळं सांगावं लागतं, नुसतं "माझी फसवणूक झाली" म्हटलं तर समोरचा फक्त झालेले व्यवहार बघतो. मग झालेल्या खरेदीची तक्रार, तक्रार नंबर लिहून घेतला, आणि फसव्या मेलचे, ओटीपीच्या तिन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. त्या पेजवर पासवर्ड टाकला असता तर तोही लगेच बदलावा लागला असता.

पैसे परत मिळतीलच असं नसतं, कारण कोड स्वतः टाकला होता म्हणून बँक अडून बसू शकते, तरी तक्रार जितकी लवकर तितकी बरी.

आणि हे झाल्यावर चौथ्या दिवशी आत्याला फोन आला, "बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे परत टाकतोय, एक कोड येईल तो सांगा." आत्याने फोन ठेवला आणि कार्डच्या मागच्या नंबरवर स्वतः लावला. बँकेतून असा कोणताच फोन गेलेला नव्हता.